डोंगरावरचा पर्जन्यमापक स्वतःहून कसा सावरतो

वॉचडॉग टायमर हे मायक्रोकंट्रोलरच्या आतच बसवलेले, पण मुख्य प्रोग्रामच्या भानगडीत न पडणारे एक छोटे घड्याळ असते. ते सतत मोजत राहते. प्रोग्रामने ठरलेल्या मुदतीच्या आत त्याची मोजणी पुन्हा शून्यावर आणली, तर काहीच घडत नाही. मुदत टळली की ते चिप रिसेट करते आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतो. ब्राउनआउट डिटेक्टर हा त्याच चिपमधला दुसरा पहारा. पुरवठ्याचे व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या खाली घसरले की तो चिपला रिसेटमध्ये धरून ठेवतो आणि व्होल्टेज सावरल्यावरच सोडतो. पहिला पहारा अडकलेल्या प्रोग्रामसाठी असतो, दुसरा अपुऱ्या विजेसाठी. दोन्ही बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये आयते मिळतात, तरीही ते सुरू असूनसुद्धा महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेली यंत्रे आढळतात. कारण रिसेट झाल्यावर पुढे काय व्हायचे, याचा विचार बहुधा झालेलाच नसतो.

हा विचार एका यंत्राच्या आधाराने करणे सोपे जाईल. सह्याद्रीच्या माथ्यावर एक पर्जन्यमापक बसवायचा आहे असे धरू. त्यात पाणी साठले की कलंडणारे लहानसे भांडे आहे. दर ०.२ मिलिमीटर पावसाला ते एकदा कलंडते आणि एक चुंबकी स्विच क्षणभर मिटतो. हे कलंडणे मोजायला एटीमेगा ३२८पी ही चिप आहे, म्हणजे आर्डुइनो उनो आणि प्रो मिनी या बोर्डांवर असते तीच. ती ३.३ व्होल्टवर आणि ८ मेगाहर्ट्‌झच्या गतीने चालते. शेजारी तापमान व हवेचा दाब मोजणारा, दोन तारांच्या आय-टू-सी जोडणीचा सेन्सर आहे. दर तासाला आकडे पाठवायला सिम ८००एल हा टू-जी मॉडेम आहे. हे सगळे एका लिथियम-आयन सेलवर आणि एका छोट्या सौर पॅनेलवर चालते. पावसाळ्यात त्या माथ्यावर आठवडा-आठवडा ऊन पडत नाही आणि नेमका तोच काळ आकड्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. तिथे चढून जाऊन रिसेटचे बटण दाबायला कोणी नाही.

एटीमेगा ३२८पीमधला वॉचडॉग मुख्य घड्याळावर अवलंबून नसतो. त्याला स्वतःचा १२८ किलोहर्ट्‌झचा आंदोलक आहे, त्यामुळे बाहेरचा क्रिस्टल बंद पडला तरी तो मोजत राहतो. मुदत किमान १६ मिलिसेकंद आणि कमाल ८ सेकंद ठेवता येते. हा आंदोलक काटेकोर नाही. व्होल्टेज आणि तापमान यांनुसार त्याची गती सरकते, म्हणून एखाद्या कामाला सात सेकंद लागत असतील तर आठ सेकंदांच्या मुदतीवर विसंबणे धोक्याचे. निम्म्या मुदतीत आटोपणारे काम असावे, हा साधा हिशेब बरा.

आता मोजणी शून्यावर आणायची कुठे? सर्वांत सोयीची आणि सर्वांत वाईट जागा म्हणजे दुसऱ्या एखाद्या टायमरचा इंटरप्ट. दर सेकंदाला इंटरप्ट येतो, तो मोजणी शून्यावर आणतो आणि मुख्य प्रोग्राममध्ये काय चालले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. मुख्य लूप एखाद्या ठिकाणी कायमचा अडकला तरी इंटरप्ट येतच राहतात, म्हणजे वॉचडॉगच्या दृष्टीने सारे आलबेल. असा वॉचडॉग असून नसल्यासारखाच. मोजणी लूपमध्ये वाटेल तिथे दहा ठिकाणी शून्यावर आणणे हाही त्याचाच सौम्य प्रकार आहे, कारण अडकलेला प्रोग्राम त्यांपैकी एका ठिकाणाभोवती घिरट्या घालत राहू शकतो.

गस्तीच्या पहारेकऱ्याला कारखान्याच्या प्रत्येक कोपऱ्यातल्या घड्याळात किल्ली फिरवावी लागते, फक्त फाटकावर सही करून भागत नाही. प्रोग्राममध्येही तसेच करता येते. प्रत्येक काम पुरे झाल्यावर आपापली एक खूण नोंदवते आणि सगळ्या खुणा जमल्या तरच, एकाच ठिकाणी, मोजणी शून्यावर येते.

```c
if (done == (RAIN_OK | SENSOR_OK | MODEM_OK)) {
  wdt_reset();
  done = 0;
}
```

यात `MODEM_OK` ही खूण कधी द्यायची, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. मॉडेमला नेटवर्क सापडायला अर्धा ते एक मिनिट सहज लागतो आणि डोंगरावर कधी सापडतही नाही. वॉचडॉगची मुदत तर आठ सेकंदांची. ‘उत्तर येईपर्यंत थांब’ असा लूप लिहिला, तर निरोगी यंत्रही दर आठ सेकंदांनी रिसेट होत राहील. वॉचडॉगचा इंटरप्ट वापरून ही मुदत ताणण्याची युक्ती आहे. त्यात प्रत्येक मुदत संपताना इंटरप्टच स्वतःला पुन्हा परवानगी देतो आणि ठरावीक फेऱ्यांनंतरच रिसेट होऊ देतो. पण त्या इंटरप्टच्या आत अशी परवानगी देऊ नये, त्याने वॉचडॉगचे संरक्षण कमकुवत होते, असे चिपच्या डेटाशीटमध्येच बजावले आहे. त्यापेक्षा वाट पाहण्याचे तुकडे करणे चांगले. मॉडेम चालू केला, उत्तराची वाट पाहतो आहे, नेटवर्कची वाट पाहतो आहे, आकडे पाठवतो आहे, बंद करतो आहे, असे टप्पे ठरवायचे. लूपच्या प्रत्येक फेरीत सध्याच्या टप्प्याकडे क्षणभर बघून पुढे जायचे. प्रत्येक टप्प्याला स्वतःची मुदत द्यायची, उदाहरणार्थ नेटवर्क शोधायला ९० सेकंद. टप्पा मुदतीच्या आत असला की `MODEM_OK` द्यायची. मुदत संपली की मॉडेमची वीज तोडून तासाभराने पुन्हा प्रयत्न करायचा. नेटवर्क न मिळणे ही डोंगरावरची रोजची गोष्ट आहे, तिच्यासाठी रिसेटची गरज नाही. वॉचडॉग ज्याची कल्पना केली नव्हती त्या अडचणीसाठी राखून ठेवायचा.

अशी एक अडचण आय-टू-सी जोडणीत दबा धरून बसलेली असते. चिप सेन्सरकडून आकडा वाचत असताना, अर्ध्यातच, काही कारणाने रिसेट झाली असे समजा. सेन्सरला त्याची खबर नसते. तो डेटाची तार खाली ओढून पुढच्या घड्याळ-स्पंदाची वाट पाहत राहतो. चिप पुन्हा सुरू होते, जोडणी मोकळी होण्याची वाट पाहते आणि ती कधीच मोकळी होत नाही. आर्डुइनोच्या `Wire` लायब्ररीत अशा वेळी प्रोग्राम कायमचा अडकत असे. आता `Wire.setWireTimeout()` हा उपाय उपलब्ध आहे, पण एव्हीआर चिपवर तो मुद्दाम सुरू करावा लागतो. वॉचडॉग आठ सेकंदांनी रिसेट करतो, प्रोग्राम पुन्हा त्याच जागी अडकतो, पुन्हा रिसेट. वॉचडॉग आपले काम चोख करतो आहे आणि यंत्र मात्र मेलेले आहे. यावरचा उपाय सुरुवातीच्या कोडमध्ये असायला हवा. आय-टू-सी चालू करण्याआधी घड्याळाच्या तारेवर नऊ स्पंद हाताने द्यायचे. त्यांत सेन्सरचा अर्धवट राहिलेला बाइट बाहेर पडतो आणि तो तार सोडतो. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे सेन्सरची वीज चिपच्या ताब्यातल्या स्विचमधून देणे आणि प्रत्येक सुरुवातीला ती क्षणभर तोडणे. मात्र वीज तोडताना दोन्ही तारांना वर खेचणारे रोधही त्याच स्विचमागे हवेत, नाहीतर तारांमधून झिरपणाऱ्या करंटवर सेन्सर अर्धवट जिवंत राहतो.

मॉडेमच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. मॉडेम हा स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचा प्रोग्राम असलेला वेगळा संगणकच असतो. मुख्य चिप रिसेट झाली म्हणून तो रिसेट होत नाही. अडकलेल्या मॉडेमला आज्ञा पाठवून बंद करता येत नाही, कारण आज्ञा ऐकणारेच कोणी नसते. म्हणून त्याची वीज एका पी-चॅनेल मॉसफेटमधून द्यावी आणि चिप रिसेटमध्ये असताना तो मॉसफेट आपोआप बंद राहील अशा बाजूने रोध जोडावा. रिसेटच्या क्षणी चिपच्या सगळ्या पिना मोकळ्या सुटतात. त्या मोकळ्या पिनांना कोणत्या बाजूला झुकायचे ते सर्किटनेच सांगायला हवे.

रिसेट झाल्यावर प्रोग्रामने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न म्हणजे आपण पुन्हा का सुरू झालो. एटीमेगा ३२८पीमध्ये `MCUSR` या रजिस्टरात चार खुणा असतात: पहिल्यांदा वीज आली, बाहेरून रिसेट दिला, ब्राउनआउट झाले, वॉचडॉगने रिसेट केले. त्या वाचून लगेच पुसाव्या लागतात. यात एक खोच आहे आणि तिने पुष्कळांना रडवले आहे. वॉचडॉगने रिसेट केल्यानंतर या चिपमधला वॉचडॉग चालूच राहतो आणि त्याची मुदत सर्वांत लहान, म्हणजे १६ मिलिसेकंद होते. `WDRF` ही खूण पुसल्याशिवाय तो बंदही करता येत नाही. प्रोग्रामची सुरुवातीची तयारी १६ मिलिसेकंदांपेक्षा लांबली की पुन्हा रिसेट, आणि मग हे चक्र थांबतच नाही. काही जुन्या आर्डुइनो बोर्डांवरचे बूटलोडर याच चक्रात अडकत. बोर्डावरचा दिवा भराभर लुकलुकतो आणि नवा प्रोग्रामही चढत नाही, ही त्याची ओळख. पुढे आलेल्या ऑप्टिबूटमध्ये ही अडचण राहिली नाही. प्रोग्राममध्ये हे काम `main()` च्याही आधी उरकायचे असते:

```c
#include <avr/io.h>
#include <avr/wdt.h>

uint8_t cause __attribute__((section(".noinit")));

void early(void) __attribute__((naked, used, section(".init3")));
void early(void) {
  cause = MCUSR;
  MCUSR = 0;
  wdt_disable();
}
```

बूटलोडर असेल तर तो प्रोग्रामच्या आधी धावतो आणि बऱ्याचदा `MCUSR` पुसून टाकतो. मग `cause` मध्ये नुसते शून्य दिसते. शिवाय तो नव्या प्रोग्रामची वाट पाहण्यात सेकंदभर घालवतो आणि तेवढ्यात पर्जन्यमापकाचे एखादे कलंडणे मोजायचे राहू शकते. डोंगरावर ठेवायच्या यंत्रात बूटलोडर नसलेलाच बरा. प्रोग्राम सहा पिनांच्या जोडणीतून थेट चिपवर चढवावा.

`.noinit` हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सुरुवातीला शून्य न केला जाणारा रॅमचा तो भाग असतो. वॉचडॉगच्या रिसेटमध्ये वीज जात नाही, म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे राहतात. या तासातला पावसाचा आकडा तिथे ठेवला तर रिसेटनंतरही मोजणी पुढे चालू राहते. त्याच्याबरोबर एक तपासणी-बेरीज ठेवायची. ब्राउनआउटनंतर रॅममधले काही बिट बिघडलेले असू शकतात. बेरीज जुळली तर आकडा घ्यायचा, नाही तर टाकून द्यायचा. प्रोग्रामचा कोणता टप्पा चालू होता हेही तिथेच एका बाइटमध्ये लिहीत राहिले, तर पुढच्या संदेशासोबत ‘वॉचडॉग, टप्पा ४’ अशी माहिती घरबसल्या मिळते. त्याशिवाय वॉचडॉग दोष झाकून टाकतो. यंत्र रोज तीनदा अडकते आणि रोज तीनदा सावरते, याचा कोणाला पत्ताही लागत नाही.

१९९७च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक असाच वारंवार रिसेट होऊ लागला होता. कमी अग्रक्रमाचे एक काम सामायिक साधन अडवून बसे, मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्याच साधनासाठी खोळंबून राही. ते काम वेळेत झाले नाही हे वॉचडॉगने ओळखले. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जोडयंत्रात तोच प्रसंग पुन्हा घडवून कारण शोधले आणि दुरुस्ती यानाकडे पाठवली. वॉचडॉगमुळे यान चालू राहिले, पण दोष सापडला तो आत काय घडत होते याच्या नोंदींवरून.

आता विजेकडे. व्होल्टेज घसरले की चिप सरळ बंद पडते, ही समजूत चुकीची आहे. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्या मध्ये एक पट्टा असतो. तिथे चिप चालत असते, पण तिच्या कामाची हमी नसते. या पट्ट्यात प्रोग्रामच्या सूचना चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात. वीज गेल्यावरही माहिती टिकवणाऱ्या ईईप्रॉममध्ये त्या क्षणी लेखन चालू असेल तर ते अर्धवट राहते. लेखन चालू नसले तरी भरकटलेला प्रोसेसर लेखनाच्याच सूचनेवर जाऊन आदळू शकतो. यंत्राचा ओळख क्रमांक किंवा सर्व्हरचा पत्ता अशा रीतीने पुसला गेला, तर वीज परत आल्यावर यंत्र टवटवीत चालते, फक्त ते कोणाशी बोलायचे हेच विसरलेले असते. याला वॉचडॉगचा काही उपयोग नाही, कारण प्रोग्राम अडकलेला नसतोच.

ब्राउनआउट डिटेक्टरचे काम या मधल्या पट्ट्यात चिपला चालूच न देण्याचे आहे. एटीमेगा ३२८पीमध्ये त्याच्या तीन पातळ्या आहेत: १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट. कोणती निवडायची हे चिपच्या गतीवर ठरते. डेटाशीटप्रमाणे १० मेगाहर्ट्‌झपर्यंत २.७ व्होल्ट पुरतात, २० मेगाहर्ट्‌झला ४.५ व्होल्ट लागतात आणि मधल्या गतींसाठी या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा धरायची. त्या रेषेवर १६ मेगाहर्ट्‌झला सुमारे ३.८ व्होल्ट येतात. आर्डुइनो उनो १६ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि त्याची पातळी मात्र २.७ ठेवलेली असते. म्हणजे ३.८ ते २.७ या पट्ट्यात तो विनापहारा असतो. पाच व्होल्टवर १६ मेगाहर्ट्‌झने चालणाऱ्या यंत्राला ४.३ हीच योग्य पातळी. आपला पर्जन्यमापक ८ मेगाहर्ट्‌झचा आहे. त्याला सुमारे २.४ व्होल्ट पुरतात, आणि २.७ची पातळी एखाद्या चिपमध्ये २.५ इतकी खाली निघाली तरी ती त्याच्या वरच राहते. सुटी घेतलेली कोरी चिप बहुधा हा पहारा बंद ठेवूनच येते. तो प्रोग्राममधून नव्हे, तर फ्यूज नावाच्या कायम राहणाऱ्या सेटिंगमधून सुरू करावा लागतो:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFD:m
```

`0xFD` म्हणजे २.७ व्होल्ट, `0xFC` म्हणजे ४.३. डिटेक्टर स्वतः वीसेक मायक्रोअँपियर खातो. वर्षभर एका सेलवर झोपून राहणाऱ्या यंत्राला तेवढेही जड वाटते, म्हणून या चिपमध्ये गाढ झोपेपुरता तो बंद ठेवण्याची सोय आहे. झोपेत प्रोसेसर थांबलेला असल्याने तो भरकटण्याची भीती नसते. सौर पॅनेल असलेल्या यंत्रात मात्र ही काटकसर करण्यात अर्थ नाही.

पण व्होल्टेज घसरतेच का? पर्जन्यमापकात त्याचे मुख्य कारण ढग नव्हे, मॉडेम. टू-जीवर बोलताना मॉडेम सलग करंट घेत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांनी ०.५८ मिलिसेकंदांचा एक झटका, आणि त्या झटक्यात २ अँपियरपर्यंत करंट. सेलचा आतला रोध, सेलचा होल्डर, तारा आणि स्विच मिळून पाव ओहम धरला, तरी प्रत्येक झटक्याला अर्धा व्होल्ट गळतो. सेल ३.७ व्होल्टवर असेल तर मॉडेमला ३.२ मिळतात. सिम ८००एलला किमान ३.४ लागतात, म्हणून तो स्वतःच बंद होतो. सेल जुना असेल, होल्डरच्या पट्ट्यांवर पावसाळ्याचा गंज चढला असेल आणि रोध ०.४ ओहम झाला असेल, तर ०.८ व्होल्ट गळून २.९ उरतात. मधला रेग्युलेटर त्यातले ०.२ घेतो आणि चिपपाशी २.७ पोहोचतात, म्हणजे नेमकी ब्राउनआउटची पातळी. साधा मल्टिमीटर यातले काहीही दाखवत नाही. तो सरासरी दाखवतो आणि सरासरी ठीकच असते. ही घसरण ऑसिलोस्कोपवरच दिसते.

मॉडेमशेजारी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पाव ओहमच्या पुरवठ्यावर त्याचा हिशेब केला, तर झटका संपेपर्यंत घसरण ०.५ ऐवजी ०.४५ व्होल्टपर्यंत पोहोचते, म्हणजे फारसा फरक नाही. तोच कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा असेल तर घसरण सुमारे ०.२ वर थांबते आणि पुढच्या झटक्याआधी तो पुन्हा भरून येतो. अट इतकीच की कपॅसिटरचा स्वतःचा आतला रोध कमी हवा आणि तो मॉडेमच्या पिनांना खेटून हवा, हातभर तारेच्या टोकाला नव्हे.

एवढे करूनही ढगाळ आठवड्याच्या शेवटी सेल उतरतोच आणि मग सगळ्यांत हट्टी बिघाड समोर येतो. यंत्र सुरू होते, मॉडेम चालू करते, व्होल्टेज कोसळते, ब्राउनआउट डिटेक्टर चिपला धरतो. धरताच मॉडेम बंद होतो, भार हटतो आणि सेलचे व्होल्टेज वर उसळते. चिप सुटते, पुन्हा मॉडेम चालू करते आणि पुन्हा कोसळते. डिटेक्टरची धरण्याची आणि सोडण्याची पातळी यांत जेमतेम ०.०५ व्होल्टचे अंतर आहे, एवढ्याने हे चक्र तुटत नाही. दिवसभर पॅनेलने जे थोडेफार भरले, ते या धडपडीत संपून जाते. ऊन पडेपर्यंत सेल इतका खाली गेलेला असतो की त्याची संरक्षक पाटीच तो तोडून टाकते.

म्हणून मॉडेमची वीज चालू करण्याआधी सेलचे व्होल्टेज मोजायचे आणि दोन वेगळ्या पातळ्या पाळायच्या. भार नसताना ३.८ व्होल्टच्या वर असेल तरच मॉडेम चालू करायचा. ३.६च्या खाली गेल्यावर मॉडेमला हात लावायचा नाही, पाऊस तेवढा मोजत राहायचा, आणि पुन्हा ३.८ गाठेपर्यंत हाच नियम. मॉडेम बंद असताना पर्जन्यमापकाचा खर्च इतका कमी असतो की ढगाळ उजेडातही तो भागतो. दुसरा नियम रिसेटच्या कारणाशी जोडायचा: मागचा रिसेट ब्राउनआउटचा असेल तर व्होल्टेज कितीही चांगले दिसो, पुढचा तासभर मॉडेम बंद. गंजलेल्या होल्डरमागचा सेल भार नसताना ४ व्होल्टही दाखवतो. तो खोटेपणा फक्त भार पडल्यावर उघड होतो.

रिसेट किती झाले हे ईईप्रॉममध्ये मोजून ठेवण्याचा मोह होतो, पण तिथे लेखनाची मर्यादा आहे. एका जागेवर सुमारे १ लाख वेळा लिहिता येते. दर दोन सेकंदांनी रिसेट होणारे यंत्र प्रत्येक वेळी आकडा वाढवत गेले, तर ती जागा अडीच दिवसांच्या आतच झिजते. मोजणी `.noinit` मध्ये ठेवावी आणि यंत्र सलग तासभर टिकल्यावरच ती ईईप्रॉममध्ये उतरवावी. एका बाइटच्या लेखनाला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे दहा बाइटांच्या नोंदीला पस्तीस. तेवढ्यात वीज जाऊ शकते. म्हणून नोंदीसाठी दोन जागा ठेवून आळीपाळीने लिहावे, प्रत्येकीला क्रमांक आणि तपासणी-बेरीज द्यावी आणि सुरुवातीला बेरीज जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाची नोंद घ्यावी. अर्धवट राहिलेले लेखन मग फक्त शेवटच्या तासाचे नुकसान करते.

हे सगळे डोंगरावर नेण्याआधी टेबलावर मोडून पाहायला हवे. प्रोग्राममध्ये चाचणीपुरते एक रिकामे अनंत चक्र घालून वॉचडॉग रिसेट करतो का ते पाहणे ही पहिली पायरी, आणि बहुतेकांची चाचणी तिथेच थांबते. तेच चक्र सगळे इंटरप्ट बंद करूनही चालवून पाहावे. सेन्सरची डेटा तार जमिनीला टेकवून ठेवावी, मग सोडावी, आणि आकडे परत येतात का ते बघावे. मॉडेमचा अँटेना काढून एक दिवस तसाच चालू द्यावा. सेलऐवजी बदलता येणारा पुरवठा लावून व्होल्टेज ४.२ पासून ०.१च्या पायऱ्यांनी खाली आणावे आणि तसेच हळूहळू वर न्यावे. पहाटे पॅनेलवरचे व्होल्टेज असेच रेंगाळत चढते आणि झटक्यात सुरू होणारे यंत्र त्या चढावर अडखळू शकते. शेवटी पुरवठ्याच्या तारेत अर्ध्या ओहमचा रोध घालून मॉडेम चालू करायला लावावा. गंजलेल्या होल्डरची ती नक्कल आहे. यंत्राने एकदा कोसळावे, ब्राउनआउटची नोंद करावी आणि तासभर गप्प राहून पाऊस मोजावा. पुन्हापुन्हा कोसळत राहिले तर कोड अपुरा आहे.

चिपच्या आतल्या पहाऱ्यालाही मर्यादा आहेत. एटीमेगाचा वॉचडॉग प्रोग्रामला बंद करता येतो. भरकटलेल्या प्रोग्रामच्या हातून हे सहसा होत नाही, कारण त्यासाठी चार घड्याळ-स्पंदांच्या आत ठरावीक क्रमाने दोनदा लिहावे लागते. तरी तो कधीच बंद होऊ नये यासाठी `WDTON` हा फ्यूज आहे. तो लावल्यावर वॉचडॉग पहिल्या क्षणापासून १६ मिलिसेकंदांच्या मुदतीने धावतो, म्हणून मुदत वाढवण्याचे काम अगदी सुरुवातीच्या कोडमध्येच करावे लागते. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. जवळ पडलेल्या विजेच्या धक्क्याने चिपच्या आत असा करंटमार्ग उघडू शकतो की पुरवठा पूर्ण तोडल्याशिवाय तो बंद होत नाही, आणि त्या अवस्थेत आतला वॉचडॉग आणि ब्राउनआउट डिटेक्टर दोन्ही निरुपयोगी असतात.

त्यासाठी पहारा चिपच्या बाहेर न्यावा लागतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएल ५०१० हा असा एक छोटा घटक आहे. तो अवघे ३५ नॅनोअँपियर घेतो आणि एका रोधाच्या किमतीवरून त्याची मुदत ०.१ सेकंदापासून दोन तासांपर्यंत ठरवता येते. तो चिपला जागे होण्याचा स्पंद देतो, काम झाल्याच्या उत्तराची वाट पाहतो आणि उत्तर आले नाही तर रिसेटची तार ओढतो. त्याचेच भावंड असलेला टीपीएल ५११० रिसेटऐवजी मॉसफेट चालवून साऱ्या यंत्राची वीजच तोडतो आणि पुढच्या मुदतीला पुन्हा जोडतो. चिप, सेन्सर आणि मॉडेम तिन्ही एकदम कोरे सुरू होतात. पण पर्जन्यमापकाला तो मुख्य चिपवर लावता येत नाही, कारण वीज तुटलेली असताना पडणारा पाऊस मोजणारे कोणी उरत नाही. इथे त्याची जागा सेन्सर आणि मॉडेमच्या वाटेवर आहे, आणि पाऊस मोजणाऱ्या चिपमागे टीपीएल ५०१०. धक्क्याने त्या चिपमध्येच करंटमार्ग उघडला, तर रिसेटची तार ओढून भागत नाही. त्या एका प्रसंगासाठी चिपच्या पुरवठ्यातही मॉसफेट घालावा लागतो. टीपीएल ५०१०ने रिसेटची तार ओढली की एका साध्या सर्किटने तो मॉसफेट सेकंदभर उघडा ठेवायचा. तेवढ्या सेकंदात एखादे कलंडणे बुडू शकते आणि `.noinit` मधला चालू तासाचा आकडाही जातो.